घसा बसला तं जोरानं गा

माझ्या चुलत जाऊबाईंनी मला हे वाक्य सांगितलं तेव्हा आम्ही दोघी देवीच्या मांडवामागे हात धूत होतो. नवरात्राचा तिसरा दिवस होता. सकाळपासून माझा आवाज जड झाला होता आणि वरचा स्वर घेताना त्यातून नुसती हवा जात होती.

"काऊन घाबरून रायली?" त्या म्हणाल्या. "घसा बसला तं जोरानं गायचं. आपोआप खुलते. मी तीस वर्षं तसंच केलं."

त्यांनी तीस वर्षं गायलं होतं हे खरं होतं. मी त्यांचं ऐकलं.

आमचं गाव बोदलकसाच्या तलावापासून फार लांब नाही. मी गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. सकाळी पोरांना गाणी शिकवायची, ओरडायचं, पोषण आहार वाढताना पुन्हा ओरडायचं, आणि उरलेला आवाज भजनाला. महिलांचं भजन मंडळ जाऊबाईंनीच उभं केलं. त्या पुढं गायच्या, आम्ही बारा जणी मागून म्हणायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिल्यांदा मांडवात बसवलं ते त्यांनीच. तेही विसरले नाही मी. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

झालं असं की एका वर्षी त्यांच्या भावाकडे देवरीला लग्न निघालं आणि त्या चार दिवस गावात नव्हत्या. त्या चार दिवसांत पुढं मी गायले. परत आल्या तेव्हा बाया म्हणाल्या, आता दोघींनी आळीपाळीनं गावं. जाऊबाई हो म्हणाल्या. हसून म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी मला 'अंगणवाडीवाली' म्हणायला सुरुवात केली. त्याआधी त्या मला 'बाई' म्हणायच्या.

नवरात्रात आमच्याकडे भजन दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत चालतं. नऊ दिवस. निम्म्या बाया उपाशी, कोणाच्या पोटात नुसता चहा. मांडवात धूप, उदबत्ती, धूळ. आणि कर्णे बाहेर गावाकडे तोंड करून, म्हणजे गाणाऱ्या बाईला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. ऐकू येत नाही म्हणून ती आणखी जोर लावते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की जाऊबाईंनी जोरानं गा म्हटलं आहे.

मी चौथ्या दिवशी जोरानं गायले. पाचव्या दिवशी सकाळी आवाज खरखरत होता, मी खाकरून खाकरून तो मोकळा केला आणि पुन्हा जोरानं गायले. सहाव्या दिवशी, गाव सगळं मांडवात असताना, एका चढत्या ओळीवर माझा आवाज फाटला. फाटला म्हणजे कोंबड्यासारखा ओरडला आणि मग गेलाच. मी तोंड उघडून बसले होते आणि त्यातून काही येत नव्हतं. पुढं बसलेल्या पोरी हसल्या. जाऊबाईंनी हात लांब करून माझ्यासमोरचा माइक आपल्याकडे ओढला. आणि माइक चालू असतानाच म्हणाल्या, "झेपत नाही तं कायले बसते पुढं."

ते अख्ख्या गावानं ऐकलं. तलावाच्या पाळीवर गुरं चारणाऱ्यांनीसुद्धा ऐकलं असेल.

दसरा झाला, हलका धान कापून झाला, तरी माझा आवाज परत आला नाही. अंगणवाडीत मी टाळी वाजवून पोरांना गोळा करायची. पोरं माझी नक्कल करायची, घोगरं बोलून. घरी मी काही म्हटलं की नवरा 'आँ?' म्हणायचा आणि मला रडू यायचं. शेवटी तोच म्हणाला, "चल, गोंदियाले दाखवू."

गोंदियाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि पडद्यावर मला माझा घसा दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि दोन्हींच्या मधोमध समोरासमोर एकेक लहानसा उंचवटा. ते म्हणाले, कुदळ धरून हाताला घट्टे पडतात तसे हे आवाजाच्या पट्ट्यांवर पडलेले घट्टे आहेत. पट्ट्या एकमेकींवर आपटून आपटून झालेत. ऑपरेशनची गरज नाही, आवाजाचे व्यायाम करा. असं म्हणून त्यांनी मला शेजारच्या खोलीत बसणाऱ्या मुलीकडे पाठवलं.

ती मुलगी पंचविशीची असेल, हिंदी बोलायची. मी तिच्याशी कुजबुजत बोलायला लागले, तर तिनं आधी तेच थांबवलं. "दीदी, फुसफुसाके मत बोलो. उसमें भी गले पे जोर पड़ता है. धीमा बोलो, या चुप रहो." मग तिनं टेबलाच्या खणातून नारळपाण्याला देतात तसली स्ट्रॉ काढली, ग्लासात अर्धं पाणी घेतलं, आणि स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवून तोंडानं बुडबुडे काढायला लागली. बुडबुड्यांसोबत आतून 'ऊ' असा आवाज. मला वाटलं ही माझी थट्टा करते आहे.

"करो," ती म्हणाली.

मी केलं. पहिल्यांदा नुसतं पाणी उडालं. मग 'ऊ' लागला. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या गळ्यातून न खरखरता एक सरळ आवाज निघाला, पाण्याच्या आत का होईना. मी ग्लास खाली ठेवला आणि तिथंच रडले. तिनं मला रडू दिलं आणि मग म्हणाली की रडून झाल्यावर पुन्हा करायचं, पाच मिनिटं.

ही रीत का चालते, तेही तिनं सांगितलं. स्ट्रॉ आणि पाणी समोरून हवेला थोडं अडवतात, त्यामुळे आतल्या पट्ट्यांना उशी मिळते. त्या हलतात, पण आपटत नाहीत. आधी एकाच स्वरावर, मग खालून वर आणि वरून खाली घसरत, गाल ढिले, खांदे ढिले. त्यानंतर ओठ मिटून 'म्', असा की नाकाजवळ आणि ओठांवर मुंग्या याव्यात. मग ओठ फुरफुरवत सूर. मग मधल्या पट्टीतला सोपा सरगम, मध्यम आवाजात. एवढं झाल्यावरच गाणं. मी विचारलं की किती वेळ लागेल, तर म्हणाली, पंधरा मिनिटं.

"और गाने के बाद?" तिनं मला विचारलं.

गाण्यानंतर काय, आम्ही चहा पितो आणि गप्पा मारतो, मोठमोठ्यानं, कारण कान बधिर झालेले असतात.

ती म्हणाली, तेच चुकतं. तासन् तास गायलेला गळा तापलेला आणि ताणलेला असतो. त्याला हळूहळू खाली आणायचं. वरच्या सोयीच्या स्वरापासून 'ऊ' वर खाली घसरायचं, प्रत्येक वेळी आवाज आणखी मऊ. पुन्हा स्ट्रॉ. मग अर्धा तास गप्प. दिवसभर घोट घोट पाणी, वाफारा, आणि घसा खाकरायचा नाही. खाकरावंसं वाटलं की पाणी प्यायचं किंवा आवंढा गिळायचा.

मी तिला सांगितलं, माझ्या जाऊबाई म्हणतात घसा बसला तर जोरानं गायचं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला उत्तर कळलं. बसलेल्या आवाजावर जोरानं गाणं म्हणजे मोडलेल्या पायावर धावणं, असं ती म्हणाली.

तरीही तेव्हा मी जाऊबाईंवर फार रागावले नव्हते. त्यांना माहीत नसेल, असंच वाटलं. मग दिवाळीनंतर आमच्या मंडळातली पेटीवाली घरी आली. ती जाऊबाईंची जुनी मैत्रीण, पण पोटात काही राहत नाही. बोलता बोलता म्हणाली, "तुह्या घशाचं तिनं मले तवाच सांगतलं होतं. म्हने, गाऊ दे जोरानं, दोन दिवसांत बसते पुरी, मंग आपला रस्ता मोकळा." आणि मग दचकून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. मला गप्प राहायला सांगितलेलंच होतं.

त्या दिवसापासून मी तो ग्लास रागानं उचलायला लागले. सकाळी अंगणवाडीत जाण्याआधी चुलीजवळ बसून बुडबुडे काढायची. नवरा म्हणायचा, म्हैस पाण्यात फुरफुरून रायली असं वाटते. मला हसू यायचं नाही. दर 'ऊ'ला माझ्या डोळ्यांसमोर तो माइक ओढणारा हात असायचा. राग गळ्यात आला की गळा आवळतो, हे व्यायामानंच शिकवलं. गळा आवळला की बुडबुडे तुटायचे. म्हणून मी राग पोटात ठेवायला शिकले. वर स्वर सरळ, खाली आग. थंडी संपेपर्यंत माझा आवाज परत आला. दुर्बिणीत पट्ट्या साफ दिसल्या. त्या मुलीनं टाळी वाजवली. मी मनात एकच हिशेब केला, नवरात्राला सात महिने आहेत.

उन्हाळ्यात मी मंडळातल्या बायांना एकेक करून घरी बोलावलं. म्हटलं, तुमचाही आवाज दर वर्षी बसतो, मी काही शिकून आले आहे. पाच आल्या, मग आठ, मग सगळ्या. माझ्या परसात दुपारी बारा बाया स्टीलचे ग्लास घेऊन बसायच्या आणि फुरफुरायच्या. पेटीवालीला मी समजावलं की काळी पाच सोडून काळी तीनवर पट्टी घेऊ. बाया आधी नाराज झाल्या, खालची पट्टी म्हणजे म्हाताऱ्यांची, असं आमच्याकडे समजतात. पण तासभर गाऊनही गळा मोकळा राहिला तेव्हा मानल्या.

सगळ्या, एक सोडून. जाऊबाईंना मी बोलावलं नाही. पुढचं दार मी लावून घ्यायची. त्यांच्या घरापासून माझं परस वीस पावलांवर, मध्ये फक्त तुराट्यांचं कुंपण. त्यांना सगळं ऐकू यायचं. एकदा त्या कुंपणाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "अवो, आता देवीपुढं बुडबुडे काढता का?" कोणी हसलं नाही. मी उठून परसाचं फाटक आतून बांधलं, त्यांच्या देखत. त्यांच्या तोंडाकडे बघत मी गाठ मारली, सावकाश, दोनदा. तो क्षण मला अजून आवडतो. खोटं कशाला सांगू?

नवरात्र आलं. मांडवाच्या कर्ण्यांपैकी एक मी आत, आमच्या तोंडाकडे वळवून घेतला, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू यावा. आम्ही पावणेबाराला मांडवामागे ग्लास घेऊन बसायचो. जाऊबाई त्या वेळी पुढं सतरंजीवर एकट्याच सुपारी कातरत बसलेल्या. बरोबर बाराला त्या थेट वरच्या सुरात उचल करायच्या, त्यांच्या जुन्या सवयीनं, थंड गळ्यानं. त्यांची पट्टी काळी पाच, आमची काळी तीन. त्यांच्या पाळीत पेटीवाली पट्टी बदलायची, माझ्या पाळीत परत आणायची. संध्याकाळी आम्ही 'ऊ' करत खाली उतरायचो आणि गप्प घरी जायचो. त्या एकट्याच मोठ्यानं बोलत बसायच्या, ज्या कोणी पाणी द्यायला थांबल्या असतील त्यांच्याशी.

पाचव्या दिवशी त्यांचा आवाज घोगरला. मी वाट बघत होते. दुसऱ्याचा आवाज कसा तुटतो ते आता मला आतून माहीत होतं. आधी वरचे स्वर पातळ होतात, मग हळू गाताच येत नाही, मग सकाळी बोलायला वेळ लागतो. मी तीनही मोजले.

सहाव्या दिवशी सकाळी त्या हातपंपावर भेटल्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी पाण्याचा गुंड भरला, उचलला नाही. पदर गळ्याभोवती गुंडाळलेला. मग कुजबुजत म्हणाल्या, "बाई, तुमी ते पान्यात करता ते... पार बसलेल्या घशाले चालते का?"

आवाज नव्हता म्हणून शब्दही धड निघत नव्हता. आणि त्यांनी मला 'बाई' म्हटलं होतं. किती वर्षांनी.

मला उत्तर माहीत होतं. आज गाऊ नका. दोन दिवस गप्प राहा. कुजबुजूसुद्धा नका. पाणी प्या, वाफारा घ्या, सुपारी सोडा, आणि आवाज नाहीच सुधारला तर गोंदियाला दाखवा. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी म्हटलं, "काही नाही लागत, जाऊबाई. घसा बसला तं जोरानं गायचं. आपोआप खुलते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाक्य त्यांनी ओळखलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी मान हलवली, गुंड डोक्यावर घेतला आणि गेल्या. मी पंप हापसत राहिले, माझा गुंड भरून वाहायला लागला तरी.

त्या दुपारी त्यांच्या पाळीला त्यांनी जोर लावला; गाव समोर बसलेलं असताना माघार घेणं त्यांना जमलंच नसतं. मी मागे झांज धरून बसले होते. त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली दिसत होती. एका लांब ओळीवर चढल्या आणि मध्येच, दोर तुटावा तसा, आवाज संपला. खरखर नाही, घोगरा नाही, काहीच नाही. ओठ हलत राहिले. पेटी दोन मात्रा एकटीच वाजली. मग मी पुढची ओळ उचलली. माइक ओढला नाही. ओढायची गरजच नव्हती, त्यांनी स्वतःच तो माझ्याकडे सरकवला.

मी त्या दिवशी, आणि पुढचे तीन दिवस, सगळं भजन एकटीनं पुढं गायलं. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं कधी गायले नव्हते. नवव्या दिवशी शेवटच्या आरतीलाही आवाज सकाळच्या दह्यासारखा घट्ट होता. गावानं वाहवा केली. तिरोड्याच्या मंडळानं आमंत्रण दिलं. आणि घरी येऊन मी ग्लासात स्ट्रॉ बुडवून बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवसभर मी गर्दीत एकच तोंड शोधत होते. त्या मांडवात नव्हत्या. त्यांना गोंदियाला नेलं होतं.

त्यांच्या आवाजाच्या एका पट्टीतली बारीक रक्तवाहिनी फुटली होती, रक्त उतरलं होतं. दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, नाही तर आवाज कायमचा जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांच्या सुनेनं सांगितलं की गळ्यात पाटी अडकवावी तशी त्या नातवाची पाटी घेऊन फिरतात, हवं ते लिहून दाखवतात. लिहिता फारसं येत नाही, म्हणून चिडतात.

मला दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल. आली नाही. मला आधी समाधान वाटलं, मग भीती वाटली, आणि मग एक वेगळाच संताप आला. मी वर्षभर ज्या बाईला हरवायला गळा घासून पुसून तयार केला, ती मैदानातच नव्हती. मुक्या बाईला कोण हरवतं? लोक उद्या म्हणतील, जाऊबाईंचा आवाज गेला म्हणून हिला जागा मिळाली. मला त्या गाताना हरायला हव्या होत्या. पूर्ण गळ्यानं, समोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत.

म्हणून मी त्यांच्याकडे गेले. चांगुलपणानं नाही.

तीन आठवडे झाले होते, डॉक्टरांनी आता थोडं थोडं बोलायला सांगितलं होतं. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी ग्लास आणि स्ट्रॉ त्यांच्या सुपाशेजारी ठेवली. मी म्हटलं, "गोंदियाच्या मुलीनं तुमाले हे शिकवलंच असेल."

"शिकवलं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक, पण होता. "मले नाही जमत. पानी उडते."

"गाल ताठ ठेवता तुमी. ढिले सोडा."

त्यांनी केलं. पाणी उडालं. तांदळावर शिंतोडे गेले. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि तांदळातले खडे काढत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू मले पंपावर मुद्दाम तसं सांगतलं."

"हो," मी म्हटलं.

"मीबी तुले मुद्दामच सांगतलं होतं."

"माहीत आहे."

दोघींपैकी कोणी माफी मागितली नाही. त्यांनी सूप बाजूला केलं आणि ग्लास पुन्हा उचलला. मी त्यांच्या गालाला हात लावून दाखवलं, इथं ढिलं. त्यांचा गाल थंड होता. 

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी दहा मिनिटं त्यांच्याकडे जायची. आम्ही दुसरं काही बोलायचो नाही. 'खांदे उचलू नका.' 'आता खाली या, आणखी हळू.' 'खाकरू नका, पानी प्या.' बस. त्यांनी सुपारी सोडली, मग पुन्हा धरली, मग माझ्यासमोर डबी चुलीत टाकली. त्यांना वरचा स्वर पूर्वीसारखा मिळेना. मी म्हटलं, मिळणार नाही कदाचित, पट्टी खाली घ्या. त्या दिवशी त्यांनी मला घरातून हाकललं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पेटी बाहेर काढून ठेवली होती आणि बोट काळी दोनवर होतं.

उन्हाळ्यात त्या माझ्या परसात आल्या. फाटक उघडंच होतं. बाया जरा सरकल्या, त्यांना जागा झाली. त्यांचा ग्लास पितळेचा होता, म्हणून त्यांचे बुडबुडे वेगळे वाजायचे.

पुढच्या नवरात्रात मला जे हवं होतं ते मिळालं. त्या समोर बसल्या, पूर्ण गळ्यानं. आळीपाळी ठरली, दोन दोन तासांची. पावणेबाराला आम्ही तेराही जणी मांडवामागे फुरफुरलो. माझी पाळी आधी होती. मी गायले, चांगलं गायले, एकही स्वर निसटला नाही. मनात म्हटलं, आता बघू.

त्यांनी काळी दोनवर सुरुवात केली. हळू. इतकं हळू की बायांना टाळ दाबून धरावे लागले. त्यांचा आवाज पूर्वी तलवारीसारखा होता, तो आता नव्हता. खाली काहीतरी जाड, जरा धुरकट असं आलं होतं, आणि त्या ते जपून, घाई न करता वापरत होत्या. गाणं तेच, जे त्या तीस वर्षं ओरडून गात आल्या होत्या. पण मला त्यातले शब्द पहिल्यांदा ऐकू आले. मांडवात पोरं गप्प झाली. बाहेर ट्रॅक्टरवर बसलेला माणूस खाली उतरून दाराशी आला. आणि मला, झांज हातात घेऊन बसलेल्या मला, कळलं की त्या माझ्याहून चांगलं गाताहेत. तेही मी शिकवलेल्या गळ्यानं.

नऊ दिवस तसंच झालं. कोणी बोलून दाखवलं नाही, पण माणसांना कुठं ऐकायचं ते कळतं. त्यांच्या पाळीला मांडव भरायचा, माझ्या पाळीला बाया चहा करायला उठायच्या. शेवटच्या दिवशी गावातल्या एका म्हातारीनं त्यांच्या गळ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तूबी गातेस हो." त्या 'बी'नं मला किती दिवस झोपू दिलं नाही.

भजन संपल्यावर आम्ही सगळ्या मांडवामागे बसून 'ऊ' करत खाली उतरलो, आवाज दर वेळी मऊ. जाऊबाई माझ्या शेजारी होत्या. माझा 'ऊ' मध्येच तुटला, दोनदा. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटांनी माझी हनुवटी खाली ओढली.

"जबडा आवळून रायली तू," त्या म्हणाल्या. "सोड."

मी सोडला नाही. उठले, ग्लासातलं पाणी मांडवाच्या कडेला ओतलं आणि घरी आले. नवऱ्यानं विचारलं, कसं झालं. मी त्याला उत्तर दिलं नाही. अर्धा तास गप्प राहायचं असतं. मी त्या दिवशी दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत गप्प राहिले.